पाच पेपर, पाच परिच्छेद

लिटरेचर रिव्ह्यूचा चॅप्टर तपासायला आला की मी तो लगेच वाचायला घेत नाही. आधी प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य पाहते आणि त्या वाक्याचा कर्ता कोण आहे ते समासात पेन्सिलीने लिहीत जाते. दहा पानं झाली की समासात एक उभी रांग तयार होते. त्या रांगेत नुसती आडनावं आणि सालं असतील तर आत काय आहे याचा अंदाज येतो. एका संशोधकाने असं केलं, दुसऱ्याने तसं केलं, तिसऱ्याला अमुक आढळलं. प्रत्येक परिच्छेद म्हणजे एका पेपरचा सारांश, आणि बहुतेकदा तो त्या पेपरच्या ॲब्स्ट्रॅक्टवरून बेतलेला.

दुसरी परीक्षा याहून सोपी आहे. सलग दोन परिच्छेदांची अदलाबदल करायची आणि काही बिघडतं का ते पाहायचं. काहीच बिघडलं नाही, तर ते परिच्छेद एकमेकांशी बोलत नाहीत, नुसते शेजारी बसले आहेत.

अशा चॅप्टरवर गाइड 'सिंथेसिस नाही' असा शेरा मारतात. शेरा खरा असतो, पण त्यापुढे काय करायचं हे त्यात नसतं. विद्यार्थी मग जे हाताशी आहे ते करतो. परिच्छेदांच्या सुरुवातीला 'हाउएव्हर', 'सिमिलरली', 'इन कॉन्ट्रास्ट' पेरतो आणि चॅप्टर परत पाठवतो. मला हा टप्पा सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण आता चॅप्टर वरवर पाहता जोडलेला दिसतो. यादी दिसते तेव्हा निदान ती यादी आहे हे कळतं. 'सिमिलरली' लिहून ठेवलं की दोन पेपरांमध्ये नेमकं काय सारखं आहे, हा प्रश्न विचारायचाच राहतो.

हे सगळं एका प्रत्यक्ष चॅप्टरवरून सांगते. शिक्षणशास्त्रात पीएचडी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा तो होता. विषय होता व्याख्यान ऐकताना विद्यार्थी टिपणं कशी काढतात, हाताने की लॅपटॉपवर, आणि त्याने शिकण्यात काय फरक पडतो. हे उदाहरण घेण्याचं कारण असं की इथले मुख्य पेपर थोडे आहेत, त्यांच्यातला वाद खरा आहे, आणि यादी केली की तो वाद नेमका कसा हरवतो ते इथे स्वच्छ दिसतं.

तिच्या मसुद्यात पाच परिच्छेद होते, कालक्रमाने लावलेले. पहिला 2013 चा, बुई, मायर्सन आणि हेल यांचा: संगणकावर व्याख्यान शब्दशः उतरवून घेणाऱ्यांना लगेच घेतलेल्या चाचणीत सर्वांत जास्त आठवलं. दुसराही 2013 चाच, सना, वेस्टन आणि सेपेडा यांचा: वर्गात लॅपटॉपवर इतर कामं करणाऱ्यांचे गुण घसरले, आणि त्यांचा पडदा ज्यांना दिसत होता त्या शेजाऱ्यांचेही घसरले. तिसरा 2014 चा, म्यूलर आणि ओपनहायमर यांचा, या विषयातला सर्वांत गाजलेला: हाताने लिहिणाऱ्यांनी संकल्पनांवरचे प्रश्न अधिक चांगले सोडवले. चौथा 2019 चा, मोरहेड, डनलॉस्की आणि रॉसन यांचा: तोच प्रयोग पुन्हा केल्यावर गटांमध्ये सातत्याने फरक दिसला नाही. पाचवा 2021 चा, उरी आणि सहकाऱ्यांचा: पुन्हा तोच प्रयोग, पुन्हा फरक नाही. शेवटी एक वाक्य, की या विषयावर संशोधकांमध्ये मतभेद असून अधिक संशोधनाची गरज आहे.

यातलं एकही विधान चुकीचं नव्हतं. इंग्रजीही नीट होतं. ती मला म्हणाली, "मॅडम, सगळे महत्त्वाचे पेपर आलेत की यात." आलेच होते. पण वाचणाऱ्याच्या हाती काय लागतं? एकदा लॅपटॉप जिंकतो, एकदा हरतो, मग पेन जिंकतं, मग कोणीच जिंकत नाही. 'मतभेद आहेत' हा शब्द त्या जागी शोध थांबवतो. मतभेद नेमका कशावर आहे, हे सांगणं हेच तर त्या चॅप्टरचं काम.

म्हणून आम्ही मसुदा बाजूला ठेवला आणि तक्ता काढला. अशा तक्त्याचा सल्ला सगळेच देतात, पण त्याचे रकाने कसे ठरवावेत हे फार कमी जण सांगतात. विद्यार्थ्यांच्या तक्त्यात बहुधा लेखक, साल, उद्देश, नमुना, पद्धत, निष्कर्ष असे रकाने असतात. हा तक्ता पेपरच्या रचनेची नक्कल करतो. त्यामुळे त्यातून पुन्हा पेपरवार परिच्छेदच निघतात, यादी फक्त उभीची आडवी होते. रकाने यायला हवेत ते वादातून. दोन पेपरांचे निकाल वेगळे आले असतील तर ते कशामुळे वेगळे येऊ शकतात, असा प्रश्न विचारायचा आणि त्याची संभाव्य उत्तरं हेच रकाने करायचे.

तिच्या विषयात असे चार रकाने निघाले. तुलना नेमकी कशाची केली: साधनाची, की टिपणं कशी काढायची या सूचनेची? चाचणी कधी घेतली: लगेच, की काही काळाने? मधे टिपणं वाचायला मिळाली का? आणि चाचणीत काय विचारलं: नुसती माहिती, की संकल्पनांचा उपयोग? निष्कर्षाचा रकाना सगळ्यात शेवटी ठेवला, कारण आधीचे चार भरल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

रकाने भरायला ॲब्स्ट्रॅक्ट पुरत नाही, पद्धतीचा भाग उघडावाच लागतो. बुई यांच्या पेपरमध्ये तीन प्रयोग आहेत आणि तिच्या मसुद्यात फक्त पहिल्याचा निकाल आला होता. पहिल्या प्रयोगात काहींना मुद्देसूद टिपणं काढायला सांगितलं होतं, काहींना शब्दशः उतरवायला, आणि दोन्हींत काही जण हाताने लिहीत होते तर काही संगणकावर. लगेच घेतलेल्या चाचणीत संगणकावर शब्दशः उतरवणारे पुढे राहिले. पुढचे दोन प्रयोग फक्त संगणकावरचे. दुसऱ्यात चाचणी उशिरा घेतली, तेव्हा मुद्देसूद टिपणं काढणारे पुढे गेले. तिसऱ्यात चाचणी उशिराच होती, पण आधी टिपणं वाचायला दिली, आणि पारडं पुन्हा शब्दशः उतरवणाऱ्यांकडे झुकलं. म्हणजे एकाच पेपरात निकाल दोनदा उलटला, तोही दोन गोष्टींमुळे: मधला काळ आणि टिपणं वाचण्याची संधी. तक्त्यात या पेपरची एक ओळ होती, तिच्या तीन कराव्या लागल्या. एका पेपरला एक ओळ ही सवय इथेच मोडते, आणि ती मोडल्याशिवाय पुढचं काही दिसत नाही.

म्यूलर आणि ओपनहायमर यांच्याही पेपरात तीन अभ्यास आहेत. पहिल्यात सुमारे अर्ध्या तासाने चाचणी झाली आणि मधे टिपणं वाचायला मिळाली नाहीत. माहितीच्या प्रश्नांत दोन्ही गट सारखे होते, फरक पडला तो संकल्पनांच्या प्रश्नांत. दुसऱ्यात लॅपटॉपवाल्यांच्या एका गटाला शब्दशः लिहू नका असं स्पष्ट बजावलं, तरी शब्दशः लिहिणं कमी झालं नाही. तिसऱ्यात चाचणी आठवड्याने झाली, आणि ज्यांना हाताने काढलेली टिपणं आधी वाचायला मिळाली ते सगळ्यांत पुढे राहिले.

इथे माझी विद्यार्थिनी थांबली. बुई यांच्या तिसऱ्या प्रयोगात टिपणं वाचल्यावर शब्दशः उतरवणारे जिंकतात, म्यूलर यांच्या तिसऱ्या अभ्यासात टिपणं वाचल्यावर हाताने लिहिणारे, म्हणजे कमी शब्दशः लिहिणारे, जिंकतात. हा तर सरळ विरोध झाला. तिने 'इन कॉन्ट्रास्ट' लिहायला घेतलं होतं. मी तिला पहिल्या रकान्याकडे परत जायला सांगितलं. बुई यांच्या त्या प्रयोगात सगळेच संगणकावर लिहीत होते, वेगळी होती ती सूचना. म्यूलर यांच्याकडे वेगळं होतं ते साधन. दोन्हीकडे 'शब्दशः टिपणं' हे शब्द येतात म्हणून दोन तुलना एक होत नाहीत. एकीकडे माणूस ठरवून शब्दशः उतरवतो, दुसरीकडे साधन वेगवान असल्यामुळे ते आपसूक होतं. शिवाय मधला काळही सारखा नव्हता. त्यामुळे 'इन कॉन्ट्रास्ट' गेलं आणि त्या जागी असं वाक्य आलं: टिपणं वाचण्याची संधी मिळाली की शब्दशः टिपणांचा फायदा होतो का, याचं उत्तर ती टिपणं सूचनेमुळे तशी झाली की साधनामुळे, यावर अवलंबून असू शकतं, दोन्ही गोष्टी एकाच प्रयोगात वेगळ्या करून पाहिल्याखेरीज ते ठरत नाही. हे वाक्य कोणत्याही एका पेपरात नाही. दोन्ही पेपर शेजारी ठेवल्यावरच ते लिहिता येतं.

मग पुनरावृत्तीचे दोन पेपर. मोरहेड आणि सहकाऱ्यांनी मूळ प्रयोग पुन्हा केला, आणि त्यात इलेक्ट्रॉनिक पाटीवर लिहिणाऱ्यांचा गट वाढवला. दुसऱ्या प्रयोगात तर मुळीच टिपणं न काढणाऱ्यांचाही एक गट होता. काही ठिकाणी कल हाताने लिहिण्याकडे होता, पण सातत्याने फरक असा कुठल्याच गटांत नव्हता, टिपणं न काढणाऱ्यांशी तुलना करतानाही नाही. टिपणं वाचल्यावर तर गटांमधलं अंतर आणखी कमी झालं. उरी आणि सहकाऱ्यांनी पहिला अभ्यास जसाच्या तसा पुन्हा केला, लॅपटॉपवर 74 आणि हाताने लिहिणारे 68 विद्यार्थी घेऊन. लॅपटॉपवाल्यांनी जास्त शब्द लिहिले, शब्दशःही जास्त लिहिलं, म्हणजे मूळ अभ्यासाचा एवढा भाग पुन्हा दिसला. चाचणीतला फरक मात्र दिसला नाही.

मसुद्यात या पेपरची नोंद 'मूळ निष्कर्षाला दुजोरा मिळाला नाही' एवढीच होती. ती अर्धीच खरी आहे. मूळ दाव्यात दोन पायऱ्या होत्या: लॅपटॉपमुळे टिपणं शब्दशः होतात, आणि शब्दशः टिपणांमुळे समज कमी होते. पहिली पायरी टिकली, डळमळली ती दुसरी. 'मतभेद आहेत' या शब्दांमागे इतकी नेमकी गोष्ट दडलेली होती.

सना यांच्या पेपरचं काय करायचं? त्याची ओळ भरताना पहिल्याच रकान्यात अडचण आली. तिथे तुलना टिपणांची नव्हतीच, होती ती लक्ष विचलित होण्याची. म्यूलर यांच्या पहिल्या अभ्यासात लॅपटॉपवर इंटरनेट बंद ठेवलं होतं, ते नेमकं हा प्रश्न बाजूला राहावा म्हणून उपयोगी ठरतं. दोन्ही पेपरांत लॅपटॉप आहे आणि दोन्हींचा निकाल लॅपटॉपच्या विरोधात जातो, म्हणून तिने त्यांना 'सिमिलरली'ने जोडलं होतं. तो पेपर आम्ही त्या भागातून काढला आणि वर्गातल्या उपकरणांवरच्या वेगळ्या भागात नेला. काढताना तिला वाईट वाटलं. वाचलेला पेपर वगळणं अवघड जातं हे मी समजू शकते. पण तक्त्यात ज्याची ओळ भरत नाही तो पेपर त्या चर्चेचा नसतो, कितीही चांगला असला तरी.

आता लेखन. तक्ता समोर ठेवून प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य नव्याने लिहायचं, आणि त्याचा कर्ता माणूस नको, मुद्दा हवा. इंग्रजीत यासाठी एक सोय आहे. संशोधकाचं नाव वाक्याच्या घडणीत घेता येतं, किंवा वाक्याबाहेर कंसात ठेवता येतं. जॉन स्वेल्स यांनी 1990 मध्ये या दोन प्रकारांना इंटिग्रल आणि नॉन-इंटिग्रल सायटेशन अशी नावं दिली. नाव वाक्याच्या आत आलं की वाचकाचं लक्ष संशोधकाकडे जातं, कंसात गेलं की दाव्याकडे. यादीवजा चॅप्टरमध्ये जवळजवळ सगळी नावं आत असतात. ती कंसात ढकलायला लागलो की दाव्याचं वाक्य आपल्याला स्वतः लिहावं लागतं, आणि आपल्याकडे दावा आहे की नाही हे तिथेच उघडं पडतं.

सगळीच नावं कंसात घालायची असं मात्र नाही. म्यूलर आणि ओपनहायमर यांचा प्रयोग हाच चर्चेचा विषय आहे, बाकीचे त्याला उत्तर देतात. तेव्हा त्यांचं नाव कर्ता म्हणून येणं योग्यच. पुनरावृत्ती करणाऱ्यांची नावंही एकदा आत यायला हवीत, कारण कोणी कोणाला आव्हान दिलं हा गोष्टीचा भाग आहे.

पाच परिच्छेदांचे शेवटी दोन झाले. पहिल्याचा आशय मराठीत सांगायचा तर असा: लॅपटॉपवरची टिपणं लांब आणि अधिक शब्दशः होतात, यावर पुरावा बऱ्यापैकी एकमुखी आहे, मूळ अभ्यासात ते दिसलं, 2021 च्या पुनरावृत्तीतही दिसलं, आणि तसं न लिहिण्याची सूचना दिल्यावरही ते थांबलं नाही. या फरकामुळे शिकणं घटतं का, हे मात्र अनिश्चित आहे. मूळ अभ्यासात संकल्पनांच्या प्रश्नांवर दिसलेला तोटा नंतरच्या दोन पुनरावृत्तींत सातत्याने आढळला नाही. दुसरा परिच्छेद या अनिश्चिततेचं कारण शोधतो. टिपणांची दोन कामं असतात, ही डी व्हेस्टा आणि ग्रे यांनी 1972 मध्ये केलेली फोड तिथे उपयोगी पडली: काढताना मनात रुजणं, आणि नंतर वाचायला साठा तयार होणं. पहिल्या कामाची कसोटी टिपणं न वाचता घेतलेल्या चाचणीत लागते, दुसऱ्याची वाचून घेतलेल्या. बुई यांचे तीन निकाल या चौकटीत ठेवले की विसंगत वाटत नाहीत. शब्दशः साठा वाचायला मिळाला तर कामाचा, न मिळाला तर लांबच्या चाचणीत अपुरा.

डी व्हेस्टा आणि ग्रे यांचा पेपर तिच्याकडे होताच, पण प्रस्तावनेत, 'टिपणांचा इतिहास' या मथळ्याखाली पडून होता. सगळे नवे पेपर ज्या प्रश्नावर अडले होते त्याची फोड सर्वांत जुन्या पेपरात होती, आणि कालक्रमाने लावल्यामुळे तो सर्वांत आधी येऊन विसरला गेला होता. कालक्रमाला माझा सरसकट विरोध नाही. एखाद्या कल्पनेचा प्रवासच सांगायचा असेल तर तो हवा. एरवी तो विचार पुढे ढकलण्याची सोय होतो.

भाषेच्या पातळीवर दोन गोष्टी अजून तपासायच्या असतात. एक, काळ. एका प्रयोगाचा निकाल भूतकाळात, अनेक अभ्यासांचा एकत्र कल 'हॅव शोन' अशा पूर्ण वर्तमानात, आणि आपला अन्वय साध्या वर्तमानात. मसुद्यात सगळं 'फाउंड', 'शोड', 'रिपोर्टेड' असं सलग भूतकाळात असेल तर बहुधा तिथे फक्त एकेकट्या प्रयोगांचे निकाल आहेत, वरचा थर लिहिलेलाच नाही. क्रियापदं बदलून तो थर येत नाही, पण तो कुठे गायब आहे ते क्रियापदं दाखवतात.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. संश्लेषणाच्या भरात एका वाक्यामागे कंसात चार नावं लावायची सवय लागते. वाक्य भक्कम दिसतं, पण त्या चौघांनी तेच म्हटलंय का? तिच्या सुधारित मसुद्यात 'हाताने लिहिल्याने समज वाढते असं संशोधनात दिसत नाही' अशा अर्थाचं वाक्य होतं, पुढे कंसात 2019 आणि 2021 चे पेपर. मोरहेड आणि सहकारी तसं म्हणत नाहीत. त्यांनी मूळ प्रयोगाच्या थेट पुनरावृत्त्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा हाताने लिहिण्याच्या बाजूने लहानसा कल निघाला होता, सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय नसलेला, आणि कोणती पद्धत सरस हे आताच ठरवणं घाईचं होईल असं त्यांनी लिहिलं. 'फरक नाही' आणि 'फरक ठरवता येत नाही' यात मोठं अंतर आहे, आणि कंसात नाव घालताना ते पुसलं जातं. यादी करणारा निदान प्रत्येकाचं म्हणणं त्याच्याच तोंडी ठेवतो. संश्लेषण करणारा दुसऱ्याच्या तोंडी आपलं वाक्य घालू शकतो. म्हणून मसुदा पूर्ण झाल्यावर प्रत्येक कंस उघडून, मूळ पेपरातली जागा शोधून, आपलं वाक्य तिथे टिकतं का ते पाहायलाच हवं. या कामाला वेळ लागतो, आणि त्याला आडवाट नाही.

'अधिक संशोधनाची गरज आहे' हे शेवटचं वाक्यही बदललं, आणि ते बदलायला आम्हाला फार विचार करावा लागला नाही. तक्त्यात एक चौकट रिकामी होती. साधन आणि सूचना दोन्ही बदलून, टिपणं वाचायला देऊन, उशिरा चाचणी घेणारा अभ्यास तिने गोळा केलेल्या पेपरांत नव्हता. तिने आधी त्याच अटींवर पुन्हा शोध घेतला, कारण आपल्या तक्त्यातली रिकामी चौकट म्हणजे जगातली रिकामी जागा नव्हे. मग तिने त्या चौकटीचं वर्णन एका वाक्यात केलं आणि तिचा संशोधन-प्रश्न त्याखाली लिहिला. आधी तो प्रश्न पुढच्या चॅप्टरच्या सुरुवातीला अचानक उगवत होता.

तिच्या गाइडनी पुढच्या भेटीत आणखी एक पेपर सुचवला, पुनरावृत्तीचाच. तिने मला फोन करून विचारलं, हा कुठे घालू? मी म्हटलं, आधी त्याचे चार रकाने भर. संध्याकाळी तिचा निरोप आला: पहिल्या परिच्छेदात, दुसऱ्या वाक्यानंतरच्या कंसात, आणि 'दोन पुनरावृत्तींत'च्या जागी 'तीन'.